प्रश्न न उतरवता प्रश्न मांडायचा कसा?

‘माननीय ताई, मी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लेखनाची तयारी करते आहे. निबंधाचे मधले परिच्छेद मला जमतात, पण प्रस्तावना आणि समारोप यांपाशी हात अडतो. प्रश्नातली वाक्ये तशीच उतरवायची नाहीत, म्हणून मी प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्द शोधते. तरीही शिक्षक म्हणतात की हा प्रश्नच आहे, फक्त कपडे बदललेला. समारोपात तर माझी प्रस्तावनाच पुन्हा लिहिली जाते. सरावातला एक प्रश्न आणि त्यावरची माझी प्रस्तावना पाठवते आहे. नेमके कुठे चुकते?

प्रश्न : “इन मेनी सिटीज, द नंबर ऑफ प्रायव्हेट कार्स इज इन्क्रीझिंग. सम पीपल बिलीव्ह दॅट गव्हर्न्मेंट्स शुड बिल्ड मोअर रोड्स टू रिड्यूस ट्रॅफिक, व्हाइल अदर्स थिंक दॅट द मनी शुड बी स्पेंट ऑन पब्लिक ट्रान्सपोर्ट. डिस्कस बोथ दीज व्ह्यूज अँड गिव्ह युअर ओन ओपिनियन.”

माझी प्रस्तावना : “इन न्यूमरस टाउन्स, द क्वांटिटी ऑफ पर्सनल व्हेइकल्स इज रायझिंग. सम इंडिव्हिज्युअल्स बिलीव्ह दॅट गव्हर्न्मेंट्स मस्ट कन्स्ट्रक्ट मोअर स्ट्रीट्स टू डिक्रीज ट्रॅफिक, व्हाइल अदर्स फील दॅट द मनी मस्ट बी स्पेंट ऑन कम्युनल ट्रान्सपोर्ट. दिस एसे विल डिस्कस बोथ व्ह्यूज अँड गिव्ह माय ओपिनियन.”

– एक परीक्षार्थी’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेला प्रश्न आणि तुमची प्रस्तावना एकाखाली एक लिहून पाहा, म्हणजे शिक्षकांना काय म्हणायचे आहे ते लगेच दिसेल. तुमचे पहिले वाक्य प्रश्नातल्या पहिल्या वाक्यावर शब्दाला शब्द बसते : ‘मेनी’च्या जागी ‘न्यूमरस’, ‘सिटीज’च्या जागी ‘टाउन्स’, ‘नंबर’च्या जागी ‘क्वांटिटी’. दुसऱ्या वाक्यातही ‘सम’, ‘बिलीव्ह दॅट गव्हर्न्मेंट्स’, ‘व्हाइल अदर्स’ हे सगळे खांब जिथल्या तिथे उभे आहेत आणि मधल्या भिंतींना तेवढा नवा रंग लागला आहे. परीक्षकाच्या दृष्टीने हे लेखन स्वतंत्र ठरत नाही, कारण वाक्याची बांधणी कोणाची आहे ते एका नजरेत कळते.

यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की हे बदल करताना प्रश्नाचा अर्थही हलला आहे. ‘सिटीज’ म्हणजे मोठी शहरे. ‘टाउन्स’ म्हटले की आकार लहान होतो आणि वाहतूक कोंडीचा संदर्भ सैल पडतो. प्रश्न मोटारींपुरता आहे, पण ‘व्हेइकल्स’मध्ये दुचाकीपासून मालमोटारीपर्यंत सगळेच येते. ‘रोड्स’ हा शब्द महामार्गालाही चालतो आणि शहराबाहेरच्या रस्त्यालाही, तर ‘स्ट्रीट’ म्हणजे वस्तीतला, दोन्ही बाजूंना घरे किंवा दुकाने असलेला रस्ता. कोंडी कमी करण्यासाठी सरकारने असे ‘स्ट्रीट्स’ बांधावेत, असे प्रश्नात कोणीच म्हटलेले नाही. ‘शुड’चे ‘मस्ट’ झाल्याने जे मत होते ते सक्तीच्या सुरात गेले. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘क्वांटिटी’ लावणे चांगल्या लेखनात खटकते, त्यामुळे शब्दसंपत्ती दाखवायला गेलेल्या ठिकाणीच शब्दसंपत्तीचे गुण कापले जातात. आणि ‘कम्युनल ट्रान्सपोर्ट’ अशी जोडी इंग्रजीत रूढच नाही. ‘पब्लिक ट्रान्सपोर्ट’ हे त्या व्यवस्थेचे नाव आहे, आणि नावाला समानार्थी शब्द शोधत बसायचे नसते.

हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण तुमची निम्मी धडपड त्यातच वाया जाते आहे. प्रश्नातले शब्द दोन प्रकारचे असतात. काही शब्द विषयाची नावे असतात, जसे इथे ‘कार्स’, ‘रोड्स’, ‘ट्रॅफिक’, ‘पब्लिक ट्रान्सपोर्ट’. ते तुमच्या निबंधात पुन्हा आले तर त्याला कोणी नक्कल म्हणत नाही, उलट ते टाळले तर वाचणाऱ्याला विषय बदलल्याचा भास होतो. नक्कल ठरते ती सलग शब्दांच्या ओळीमुळे. मी विद्यार्थ्यांना एक ढोबळ माप देते, आणि ते माझे स्वतःचे आहे, परीक्षेच्या नियमातले नाही : विषयाचे नाव सोडून चार किंवा त्यापेक्षा जास्त शब्द प्रश्नातल्याच क्रमाने आले असतील तर ते वाक्य मोडून पुन्हा बांधावे. ‘इन मेनी सिटीज’ एवढे तीन शब्द राहिले तर काही बिघडत नाही.

परीक्षेचा नियम मात्र स्पष्ट आहे. लेखन परीक्षेतली दुसरी कृती असलेल्या या निबंधाला किमान 250 शब्द आणि सुमारे 40 मिनिटे असतात, आणि प्रश्नातून जसाच्या तसा उतरवलेला मजकूर परीक्षक मूल्यमापनात धरत नाहीत. म्हणजे 260 शब्दांच्या निबंधात 35 शब्द प्रश्नाचे असतील तर तुमच्या पदरी 225च राहतात. गुण चार कसोट्यांवर सारख्या प्रमाणात दिले जातात : प्रश्नाला दिलेले उत्तर, सुसंगती व जोडणी, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाची विविधता व अचूकता. यांतल्या पहिल्या कसोटीत तुमची भूमिका स्पष्ट आहे का आणि ती अखेरपर्यंत टिकते का, हे पाहिले जाते. ती भूमिका उघडपणे दिसण्याच्या जागा मुख्यतः प्रस्तावना आणि समारोप याच असतात.

आता करायचे काय ते सांगते. प्रश्न दोनदा वाचा आणि त्यातल्या मर्यादा दाखवणाऱ्या शब्दांना गोल करा. तुमच्या प्रश्नात ते ‘मेनी’, ‘सम’, ‘शुड’, ‘मोअर’ आणि ‘बोथ’ हे आहेत. इतर प्रश्नांत ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’, ‘मेन’, ‘बेस्ट’ असे शब्द सापडतील. विषयाची नावे सोडून इतर कुठलाही शब्द बदलला तरी चालेल, पण या शब्दांनी घातलेली मर्यादा जशीच्या तशी राहिली पाहिजे. ‘सम पीपल’चे ‘मोस्ट पीपल’ झाले तर तुम्ही प्रश्नात नसलेला दावा केला, आणि ‘मेनी सिटीज’चे ‘सिटीज’ एवढेच राहिले तर तो जगातल्या सगळ्याच शहरांना लागू झाला.

त्यानंतर प्रश्नपत्रिका उलटी ठेवा. खरोखरच उलटी ठेवा, कारण डोळ्यांसमोर इंग्रजी वाक्य असले की हात त्याच क्रमाने चालतो आणि मग समानार्थी शब्दांशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. आता स्वतःला मराठीत सांगा की भांडण कशावरून आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर साधारण असे येईल : ‘मोटारी वाढत चालल्या आहेत, सरकारने पैसा नव्या रस्त्यांवर घालायचा की बस-रेल्वेवर, यावर लोकांचे एकमत नाही.’ पाहा, मराठीत सांगताना प्रश्नाची रचना आपोआप मोडली. दोन गटांची दोन वाक्ये न राहता एकच वाक्य झाले आणि त्याचा कणा ‘एकमत नाही’ हा झाला. इंग्रजी लिहिताना पकडायचा तो हा कणा. मराठी वाक्याचा शब्दक्रम मात्र सोबत आणायचा नाही. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते आणि कारण आधी सांगून मग मुद्दा सांगायची सवय असते, त्यामुळे जे मराठी वाक्य शब्दशः इंग्रजीत नेतात त्यांची प्रस्तावना लांबलचक आणि लोंबकळणारी होते.

मराठीतून इंग्रजीकडे जाताना पहिला निर्णय कर्त्याचा घ्यावा. प्रश्नातल्या वाक्यांचे कर्ते होते ‘द नंबर’, ‘सम पीपल’ आणि ‘अदर्स’. यांतला एकही कर्ता तुमच्या वाक्यात कर्ता म्हणून येऊ देऊ नका, मग क्रियापद बदलावेच लागते, क्रियापद बदलले की उरलेले वाक्य नवे होते, आणि तुम्हाला एकही अवघड समानार्थी शब्द शोधावा लागत नाही. कर्ता बदलण्याचा सगळ्यांत हुकमी उपाय म्हणजे क्रियापदाचे नाम करणे किंवा दोन शब्दांची कल्पना एका नामात बसवणे : मोटारींची संख्या वाढते आहे, याऐवजी ‘कार ओनरशिप’ हा कर्ता घेता येतो, आणि काही लोक असे मानतात व इतर तसे मानतात, याऐवजी ‘ओपिनियन’ हा एकच कर्ता पुरतो.

या पद्धतीने तुमच्या प्रश्नाची पहिली ओळ अशी होईल : “अ‍ॅज कार ओनरशिप ग्रोज इन मेनी सिटीज, ओपिनियन इज डिव्हायडेड ओव्हर व्हेदर गव्हर्न्मेंट्स शुड टॅकल ट्रॅफिक बाय लेइंग न्यू रोड्स ऑर बाय फंडिंग बेटर बसेस अँड ट्रेन्स.” या वाक्यात एकही दुर्मीळ शब्द नाही. ‘मेनी’ आणि ‘शुड’ जिथे मर्यादा घालत होते तिथे घालतातच, सरकारही सुटलेले नाही आणि कोंडी कमी करण्याचा हेतूही सुटलेला नाही. ‘पब्लिक ट्रान्सपोर्ट’ऐवजी ‘बसेस अँड ट्रेन्स’ म्हटले आहे, कारण वाचणाऱ्याला त्यातून तीच व्यवस्था कळते. ‘कार्स’चे ‘व्हेइकल्स’ करण्यात आणि यात फरक असा की तिथे विषय पसरत होता आणि इथे तो फक्त डोळ्यांसमोर येतो.

अर्थात एवढ्याने प्रस्तावना पुरी होत नाही. अनेकांची प्रस्तावना इथेच संपते आणि मग तुमच्यासारखे ‘दिस एसे विल डिस्कस बोथ व्ह्यूज’ हे वाक्य जोडले जाते. हे वाक्य कोणत्याही विषयावरच्या कोणत्याही निबंधाला चिकटते, म्हणूनच ते काही सांगत नाही. त्यातले अर्धे शब्द तर प्रश्नातल्या सूचनेतूनच आलेले असतात. प्रश्नाने तुमचे मत विचारले आहे, तर ते इथेच द्या : “ऑल्दो न्यू रोड्स कॅन ईज अ पर्टिक्युलर बॉटलनेक, आय बिलीव्ह दॅट ओन्ली बेटर पब्लिक ट्रान्सपोर्ट विल रिड्यूस कन्जेशन इन द लाँग रन.” ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या भागात दुसऱ्या बाजूला तिचे जेवढे देणे आहे तेवढे दिले आहे, आणि मुख्य वाक्यात तुमची भूमिका आहे. पहिला मधला परिच्छेद कशावर असेल आणि दुसरा कशावर, हेही वाचणाऱ्याला न सांगता कळते. दोन्ही वाक्ये मिळून 49 शब्द होतात, आणि 250 ते 280 शब्दांच्या निबंधाला 40 ते 60 शब्दांची प्रस्तावना पुरेशी असते. ‘सिन्स द डॉन ऑफ सिव्हिलायझेशन’ अशा थाटाच्या पाठ केलेल्या ओळी आधी जोडून ती फुगवू नका. परीक्षकाला त्या ओळखू येतात.

समारोपाकडे वळू. तुमचा समारोप प्रस्तावनेची प्रत होतो, कारण तो लिहिताना तुम्ही पुन्हा प्रश्नाकडे पाहता. एकाच प्रश्नाची मांडणी दोनदा बदलून लिहायला बसले की दुसऱ्या वेळी शब्द संपतात, हे कोणाचेही होईल. म्हणून समारोप लिहिताना प्रश्नाकडे न पाहता स्वतःच्या मधल्या परिच्छेदांकडे पाहायचे. प्रस्तावना लिहिताना तुमच्या हाती फक्त प्रश्न होता. समारोपापर्यंत तुम्ही काही सिद्ध केलेले असते, आणि समारोपाचे शब्द त्या सिद्ध केलेल्या गोष्टीतून येतात.

समजा, पहिल्या मधल्या परिच्छेदात तुम्ही लिहिले की नवा रस्ता किंवा उड्डाणपूल एखाद्या चौकातली कोंडी सोडवतो, पण रस्ता मोकळा झाला की जे लोक आधी गाडी काढत नव्हते तेही काढू लागतात आणि काही काळाने तो पुन्हा भरतो. वाहतूक नियोजनात ही गोष्ट चांगली ओळखीची आहे. दुसऱ्या परिच्छेदात लिहिले की तेवढ्याच जागेत एक भरलेली बस मोटारींपेक्षा कितीतरी जास्त माणसे नेते. आता प्रत्येक परिच्छेदातून एकच कल्पना उचला : पहिल्यातून ‘मोकळी झालेली जागा पुन्हा भरते’ आणि दुसऱ्यातून ‘थोड्या जागेत जास्त माणसे’. समारोप असा होईल : “इन कन्क्लूजन, अ न्यू रोड मे क्लिअर वन जंक्शन फॉर अ व्हाइल, बट द स्पेस इट ओपन्स इज सून फिल्ड बाय मोअर कार्स. फॉर दिस रीझन, लास्टिंग रिलीफ विल कम ओन्ली फ्रॉम सर्व्हिसेस दॅट कॅरी मेनी पीपल इन लिटल स्पेस.” हे 40 शब्द आहेत. प्रस्तावनेतली भूमिका इथे तशीच आहे, पण ‘आय बिलीव्ह’ म्हणायची गरज उरली नाही, कारण आता ते केवळ मत राहिले नसून आधीच्या दोन परिच्छेदांनी त्याला कारण दिले आहे.

या दोन उताऱ्यांतला ‘ओन्ली’ शब्द मुद्दाम तपासा. प्रस्तावनेत ‘फक्त सार्वजनिक वाहतूकच’ म्हणायचे आणि समारोपात ‘दोन्हींचे फायदे-तोटे आहेत, म्हणून दोन्हींवर खर्च करावा’ म्हणायचे, ही चूक मी समानार्थी शब्दांच्या चुकीपेक्षा जास्त वेळा पाहते आणि तिची किंमतही जास्त असते, कारण तिथे भूमिकाच बदललेली असते. निबंध लिहिता लिहिता तुमचे मत खरोखरच मवाळ झाले असेल तर समारोप न बदलता प्रस्तावनेतले ‘ओन्ली’ खोडून टाका. कागदावरच्या परीक्षेतही एक शब्द खोडायला वेळ लागत नाही. समारोपात नवा मुद्दा, नवे उदाहरण किंवा ‘सरकारने सायकलींसाठीही वेगळी मार्गिका करावी’ अशी आयत्या वेळी सुचलेली सूचना आणू नका, कारण तिला आधार द्यायला पुढे जागाच नसते.

सगळे प्रश्न तुमच्या प्रश्नासारखे दोन गटांचे नसतात, हेही ध्यानात ठेवा. ‘टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अ‍ॅग्री ऑर डिसअ‍ॅग्री’ या प्रकारात एकच विधान दिलेले असते, आणि तिथे ‘ओपिनियन इज डिव्हायडेड’ लिहिणे म्हणजे प्रश्नात नसलेला दुसरा गट उभा करणे. अशा वेळी कर्ता विधानातच शोधावा. उदाहरणार्थ, ‘शाळांनी मुलांना पैशांचा हिशेब शिकवला पाहिजे’ असे विधान असेल तर प्रश्नातला कर्ता ‘स्कूल्स’ असतो. तुम्ही ‘लेसन्स इन मॅनेजिंग मनी’ हा कर्ता घ्या आणि ‘हॅव अ क्लेम टू अ प्लेस इन द स्कूल डे’ अशा क्रियापदावर वाक्य न्या. त्यापुढे तुम्ही कितपत सहमत आहात ते लिहा. ‘कितपत’ हे विचारलेच आहे, म्हणून पूर्ण सहमती नसेल तर ती कुठे थांबते हेही त्याच वाक्यात यावे. कारणे आणि उपाय विचारणाऱ्या प्रश्नात मत मागितलेले नसते, तिथे दुसऱ्या वाक्यात मुख्य कारण आणि मुख्य उपाय यांची नावे आली की काम भागते.

सरावासाठी पूर्ण निबंध लिहायची गरज नाही. एक प्रश्न घ्या, त्याच्या फक्त प्रस्तावना लिहा, पण दर वेळी कर्ता वेगळा ठेवा. तुमच्याच प्रश्नावर ‘ओपिनियन’ऐवजी ‘गव्हर्न्मेंट्स’ कर्ता घेतला तर “फेस्ड विथ अ ग्रोइंग नंबर ऑफ कार्स, गव्हर्न्मेंट्स इन मेनी सिटीज आर अर्ज्ड बाय सम टू एक्स्पांड द रोड नेटवर्क अँड बाय अदर्स टू इन्व्हेस्ट इन पब्लिक ट्रान्सपोर्ट” असे वाक्य मिळते. त्यात ‘सम’ आणि ‘अदर्स’ दोन्ही आहेत, तरी कर्ते म्हणून नाहीत, त्यामुळे वाक्यावर प्रश्नाच्या रचनेची सावली पडत नाही. तिसरा कर्ता ‘ट्रॅफिक’ घेऊन पाहा. तो थोडा अडेल, आणि अडेल तिथे कोणते क्रियापद तुमच्याकडे नाही ते कळेल. लिहून झाल्यावर प्रश्न पुन्हा सुलटा करून आधी गोल केलेले शब्द एकेक करून ताडून पाहा, आणि मगच सलग शब्दांची ओळ कुठे राहिली आहे का ते बघा. हा क्रम असाच ठेवा, कारण अर्थ सुटलेला असेल तर शब्दांची तपासणी करून काही हाती लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी वेळ हातातून गेलाच आणि दोन-तीनच मिनिटे उरली, तर मधल्या परिच्छेदात आणखी एक उदाहरण भरण्याऐवजी समारोपाचे एकच वाक्य लिहा. वरच्या समारोपातले दुसरे वाक्य ‘इन कन्क्लूजन’ जोडून एकटेही उभे राहू शकते. फक्त ‘फॉर दिस रीझन’ काढून टाका, नाहीतर कारण न सांगताच ‘या कारणासाठी’ म्हटल्यासारखे होईल.